सैल, घट्ट, सैल: नवशिक्यांसाठी बॅडमिंटनची पकड आणि स्टान्स

हा धडा संध्याकाळी सहाच्या नव्या तुकडीसाठी आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. सोबत रॅकेट, पाच-सहा शटल आणि फोन हवा. पहिल्या आठवड्यात शटल जाळ्यापलीकडे जातंय की नाही, इकडे बघूच नका. बोटं आणि पाय बघा.

फोनची तयारी

स्लो मोशन २४० फ्रेम्सवर ठेवा. नेहमीच्या ३० फ्रेम्सच्या गतीने बघताना एक सेकंदाची हालचाल आठ सेकंद चालते. फोन कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर अंतरावर टेकवा. पकडीसाठी उजव्या बाजूने आणि पायांसाठी समोरून चित्रण करा. हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये चित्र लुकलुकत असेल तर फोन बिघडलेला नाही. दिव्यांचं लुकलुकणं एरवी डोळ्याला कळत नाही, ते स्लो मोशनमध्ये दिसतं. अशा वेळी खिडकीजवळ, दिवसाउजेडी चित्रण करा.

फोरहँड पकड

हँडल गोल नसतं, त्याला आठ कडा असतात: दोन रुंद, दोन अरुंद आणि मधल्या चार तिरक्या. बोटांना या कडा ओळखता आल्या की अर्धं काम झालं. म्हणून सुरुवातीला हँडलवर ग्रिपचे थरावर थर चढवू नका, त्याने कडा बुजतात आणि हाताला सगळं गोल लागतं.

डाव्या हाताने रॅकेट शाफ्टला, म्हणजे हँडल आणि फ्रेम यांच्यामधल्या बारीक दांडीला धरा. फ्रेमची कड जमिनीकडे, तारा भिंतींकडे. आता उजवा हात हस्तांदोलनासाठी पुढे करावा तसा हँडलवर आणा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी वरच्या अरुंद कडेवर, किंवा तिच्या किंचित डावीकडे यायला हवी. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे सरकलेली असावी. अंगठा डाव्या रुंद बाजूवर तिरका टेकलेला, मधल्या बोटाच्या जरा वर. करंगळी हँडलच्या टोकाच्या फुगीर भागाजवळ राहील. तळवा आणि हँडल यांच्यात डाव्या हाताची करंगळी शिरेल एवढी फट हवी.

जोर किती द्यायचा? दहापैकी तीन. शटलला तारा लागतात त्या क्षणी आठ, आणि लगेच पुन्हा तीन. पॉवरचा मोठा भाग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात गोल फिरण्यातून येतो. मूठ आवळली की नेमके तेच स्नायू ताठरतात आणि हात फिरत नाही. मग नवशिका खांद्याने ढकलायला लागतो. शटल जेमतेम मधल्या कोर्टापर्यंत जातं आणि रात्री खांदा दुखतो.

स्लो मोशनमध्ये बघा: डोक्यावरून मारताना रॅकेट वर येते तेव्हा आधी फ्रेमची कड पुढे असायला हवी. तारांचा सपाट भाग शटलला लागण्याच्या अगदी थोडं आधी उघडतो. तो सुरुवातीपासूनच समोर उघडा दिसला तर पकड चुकली आहे. मग चित्रण थांबवून बेचकी कुठे आहे ते तपासा.

सगळ्यांची होणारी चूक

ही चूक म्हणजे उलथणं धरल्यासारखी पकड. तव्यावरची पोळी उलटताना हात असतो तशी रॅकेट धरली की तारा थेट जाळ्याकडे बघतात आणि बेचकी रुंद बाजूवर येते. शटल लगेच लागतं, म्हणून ही पकड सोपी वाटते आणि अंगवळणी पडते. पण हात फिरायला जागाच उरत नाही. बॅकहँडला तर कोपर वर उचलून कसरत करावी लागते. जाळ्याजवळ आलेलं शटल खाली दाबताना अनुभवी खेळाडू या पकडीच्या जवळ जातात, हे खरं. नवशिक्यांनी मात्र ती आत्ता विसरावी.

उपाय: डोळे मिटून रॅकेट बोटांत दोनदा फिरवा, थांबा, फोरहँड पकड घ्या आणि मगच डोळे उघडा. रोज वीस वेळा. टीव्हीसमोर बसूनही होतं.

दुसरी चूक तर्जनी हँडलवर सरळ ताणून ठेवण्याची. बोटाने दिशा दाखवल्यासारखं वाटतं, पण पकड दुबळी होते.

बॅकहँड पकड

इथे हात हलवायचा नाही, बोटांमध्ये रॅकेट फिरवायची. पकड सैल करा, रॅकेटची वरची कड किंचित उजवीकडे वळू द्या आणि अंगठ्याचा पेर डाव्या रुंद बाजूवर सपाट टेकवा. सर्व्ह आणि शरीरासमोरच्या बॅकहँडसाठी हीच पकड. शटल अंगाच्या मागे गेलं असेल तर अंगठा रुंद बाजूवरून शेजारच्या तिरक्या कडेवर सरकवा, नाहीतर मनगट अवघडतं.

अंगठा आधीपासून दाबून धरू नका. तो टेकलेला असतो, दाबतो फक्त फटक्याच्या क्षणी. स्लो मोशनमध्ये अंगठ्याचं नख बघा: फटक्याआधीच पांढरं पडलेलं असेल तर जोर वाया गेला.

पावसाळ्यात तळहाताला घाम येऊन हँडल सटकतं, आणि घाबरून माणूस मूठ आवळतो. त्यावर टॉवेल ग्रिप घ्या किंवा घसरू लागलेली ओव्हरग्रिप वेळेवर बदला.

उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा एक पाऊल जास्त रुंद. उजवा पाय अर्धं पाऊल पुढे. गुडघे वाकलेले, पण खुर्चीत बसल्याइतके नाहीत. वजन चवड्यांवर आणि टाचा जमिनीवरून जेमतेम उचललेल्या, खालून पोस्टकार्ड सरकवता येईल एवढ्या. रॅकेटचं डोकं छातीच्या उंचीवर, शरीराच्या पुढे. कोपर बरगड्यांना चिकटलेलं नको. डावा हातही वर हवा, लोंबकळता नको, कारण तोल तोच सांभाळतो.

समोरून स्मॅश येणार असेल तर पाय जास्त रुंद व जवळपास समांतर, आणि रॅकेट कमरेच्या उंचीवर. सर्व्ह घेताना डावा पाय पुढे आणि रॅकेट डोक्याच्या उंचीवर. सर्व्ह होईपर्यंत दोन्ही पाय जमिनीवर आणि जागच्या जागी ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे.

आता स्प्लिट स्टेप. प्रतिस्पर्धी शटल मारतो त्याच सुमारास घेतलेली ही अगदी लहानशी उडी, बोटभर उंचीची. उतरताना गुडघे स्प्रिंगसारखे दबतात आणि तिथूनच शटलच्या दिशेने पाय सुटतो.

स्लो मोशनमध्ये बघा: दुसरा फोन अशा कोनात ठेवा की तुमचे पाय आणि समोरच्याची रॅकेट दोन्ही दिसतील. त्याच्या तारा शटलला लागतात त्या फ्रेमवर थांबवा. तुमचे पाय हवेत किंवा नुकतेच टेकत असतील तर वेळ बरोबर. त्याआधीच टेकून स्थिर झालेले असतील तर उडी लवकर झाली. अजून उडालाच नसाल तर तुम्ही शटलकडेच बघत आहात, समोरच्याच्या खांद्याकडे आणि रॅकेटकडे नाही. उडी उंच घेतली तर हवेतच जास्त वेळ जातो. ही चूक शाळकरी मुलांमध्ये फार दिसते, कारण उडी मारायला त्यांना मजा येते.

फटका मारून झाल्यावर बहुतेक जण सरळ उभे राहून शटल कुठे गेलं ते बघत बसतात. गुडघे ताठ, टाचा जमिनीवर, रॅकेट मांडीशी. चित्रणात फटक्यानंतरचा एक सेकंद मुद्दाम बघा. त्याच सेकंदात रॅकेट पुन्हा छातीसमोर आणि जोर पुन्हा तीनवर आलेला असायला हवा.

पहिल्या आठवड्याचा सराव, रोज पंधरा मिनिटं: पाच मिनिटं पकड बदलणं (फोरहँड, बॅकहँड, फोरहँड), पाच मिनिटं भिंतीवर हलके फटके, आणि पाच मिनिटं जोडीदाराच्या टाळीवर स्प्लिट स्टेप. शनिवारी प्रत्येकाने दोन चित्रफिती आणाव्यात, एक हाताची आणि एक पायांची.