आकृती ७ : 2F₁ च्या पलीकडील वस्तू आणि बहिर्गोल भिंग (रेखाटनासाठी वर्णन)

नमस्कार,

आकृती ७ चं मूळ चित्र पाठवत नाहीये. आमच्याकडे आहे तो फळ्याचा धूसर फोटो, आणि तो समोर असला की हात त्याच्याकडेच वळतो. खालच्या मजकुरावरून चित्र पूर्ण उभं राहील. हाताने काढा किंवा सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हींसाठी आकडे तेच.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध उभं बहिर्गोल भिंग, त्याच्या बरोबर मध्यातून जाणारी एक आडवी रेषा. डावीकडे लांब, या रेषेवर उभा असलेला, टोक वर असलेला बाण: ही वस्तू. उजवीकडे भिंगाच्या जवळ, त्याच रेषेवरून खाली लोंबणारा, उंचीने निम्मा बाण: ही प्रतिमा. वस्तूच्या टोकातून निघालेले तीन किरण भिंगातून जाऊन प्रतिमेच्या टोकाशी एकत्र येतात आणि तिथे न थांबता पुढे जातात.

आता मापं. सगळी सेंटिमीटरमध्ये आहेत. भिंगाचा मध्य O हा आरंभबिंदू (०, ०). कंसातला पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. उजवीकडे आणि वर धन, डावीकडे आणि खाली ऋण. पूर्ण चित्र १९ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच चौकटीत बसतं. चौकट स्वतः छापायची नाही.

मुख्य अक्ष (−१०, ०) पासून (८, ०) पर्यंत, सलग बारीक रेषा, जाडी ०.३ मिमी, टोकांना बाण नकोत. अक्षावर चार ठिकाणी लहान भरीव ठिपके: F₁ (−३, ०), 2F₁ (−६, ०), F₂ (३, ०), 2F₂ (६, ०). O वरही तसाच ठिपका.

भिंग दोन कंसांचं आहे. दोन्ही कंस वर (०, ३.५) आणि खाली (०, −३.५) इथे मिळतात आणि मध्यभागी O पासून डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा सेंमी फुगतात, म्हणजे भिंगाची मधली जाडी १ सेंमी. कंपासने काढणार असाल तर त्रिज्या १२.५ सेंमी घ्या. उजव्या कंसाचं केंद्र (−१२, ०) आणि डाव्याचं (१२, ०). ही केंद्रं फक्त रेखाटनाच्या सोयीसाठी आहेत, चित्रात दाखवू नका. भिंगाच्या आत (०, ३.५) ते (०, −३.५) अशी उभी तुटक रेषा हवी. तिच्यावाचून किरण कुठे वळवायचे ते कळणार नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. 2F₁ आणि 2F₂ च्या जागी C₁, C₂ लिहू नका, कितीही जुन्या आकृत्यांत तसं दिसलं तरी. आरशाचं वक्रता केंद्र नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असतं, भिंगाला तो नियम लागू नाही. अपवर्तनांक १.५ असलेल्या काचेच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या वक्रतेच्या पातळ भिंगाचं नाभीय अंतर त्याच्या वक्रता त्रिज्येइतकंच येतं. आपल्या चित्रातलं भिंग प्रतीकात्मक आहे, म्हणून १२.५ ची त्रिज्या आणि ३ चं नाभीय अंतर यांचा मेळ घालायला जाऊ नका.

वस्तू: B (−९, ०) पासून A (−९, ३) पर्यंत, ०.८ मिमी जाड, टोक A कडे. प्रतिमा: B′ (४.५, ०) पासून A′ (४.५, −१.५) पर्यंत, तितकीच जाड, टोक खाली A′ कडे. प्रतिमा सलग रेषेनेच काढा. ती वास्तव आहे; तुटक रेषा आपण आभासी प्रतिमेसाठी राखून ठेवली आहे आणि ती आकृती ९ मध्ये येईल.

आता किरण. प्रत्येक ०.४ मिमी जाड, सलग, काळा. छपाई एकरंगी आहे, म्हणून ते रंगाने वेगळे करता येणार नाहीत. A जवळून जिथे तीन रेषा फुटतात त्याच्या थोडं पुढे १, २, ३ हे आकडे लिहा.

पहिला किरण A पासून अक्षाला समांतर निघून तुटक रेषेला (०, ३) इथे लागतो, तिथे वळून F₂ मधून खाली जातो, A′ ओलांडतो आणि (६, −३) ला संपतो. दुसरा A पासून O मधून सरळ जातो, कुठेही वळत नाही, A′ मधून (७.५, −२.५) पर्यंत. तिसरा A पासून F₁ मधून जाऊन तुटक रेषेला (०, −१.५) इथे लागतो आणि तिथून अक्षाला समांतर (७.५, −१.५) पर्यंत. वळण प्रत्येक वेळी तुटक रेषेवर, आणि एकदाच. भिंगाच्या दोन्ही कडांवर दोनदा वळवलं तर ते प्रत्यक्षाच्या अधिक जवळचं वाटेल, पण तिन्ही किरण A′ वर येणार नाहीत.

```
\draw (-9,3) -- (0,3) -- (6,-3);
\draw (-9,3) -- (7.5,-2.5);
\draw (-9,3) -- (0,-1.5) -- (7.5,-1.5);
```

दिशा दाखवणारी बाणटोकं किरणांच्या शेवटी नव्हे, मध्येच: पहिल्यावर (−५, ३) आणि (१.५, १.५), दुसऱ्यावर (−४.५, १.५) आणि (२.१, −०.७), तिसऱ्यावर (−६, १.५) आणि (२, −१.५). सगळी टोकं उजवीकडे जाणाऱ्या दिशेने.

अक्षरांची उंची ३ मिमी. जागा अशा निवडल्या आहेत की कोणतंही अक्षर किरणावर बसणार नाही, त्यामुळे त्या शक्यतो हलवू नका. A बिंदूच्या वर, B अक्षाखाली. 2F₁ आणि F₁ अक्षाखाली, F₁ किंचित डावीकडे सरकवून. O भिंगाच्या आतच, मध्याच्या डावीकडे खाली. F₂, B′ आणि 2F₂ अक्षाच्या वर, F₂ किंचित उजवीकडे. A′ मात्र बिंदूच्या खाली डावीकडे, कारण उजवीकडे तिन्ही किरण पसरत जातात.

विद्यार्थी या चित्रावर पट्टी ठेवून अंतरं मोजणार आहेत आणि 1/v − 1/u = 1/f हे सूत्र पडताळणार आहेत (u = −९, v = ४.५, f = ३). म्हणून छपाई १०० टक्के आकारातच हवी. पानात बसवताना चित्र फक्त आडवं किंवा फक्त उभं ताणलं गेलं, तरी तिन्ही किरण A′ वर व्यवस्थित मिळतातच, त्यामुळे नुसत्या नजरेला चूक दिसत नाही. कच्ची प्रत आली की पट्टीने O ते B′ ४.५, A′B′ १.५ आणि AB ३ सेंमी मोजून बघा.

चित्राखालची ओळ जशीच्या तशी: «आकृती ७. वस्तू 2F₁ च्या पलीकडे असता बहिर्गोल भिंगाने F₂ आणि 2F₂ यांच्या दरम्यान मिळणारी वास्तव, उलट आणि वस्तूपेक्षा लहान प्रतिमा.»