बुधवारी बाळाची साडेतीन महिन्यांची लस

नमस्कार,

ज्यांच्या बाळांना १४ आठवडे पूर्ण झालेत त्या सगळ्या आई-बाबांना आठवण. लसीकरण बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत, मारुती मंदिराशेजारच्या अंगणवाडीत आहे. पैसे लागत नाहीत.

या वेळी पेंटाचा तिसरा डोस आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि कावीळ ब यांपासून पुरतं संरक्षण मिळायला तिन्ही डोस लागतात. मागच्या वेळी ताप आला म्हणून काही घरांत "आता नको" असं आजी म्हणतात. आजींना माझा निरोप सांगा, एक-दोन दिवस अंग तापलं तर घाबरायचं कारण नाही, पण डांग्या खोकल्यात एवढ्याशा बाळाचा श्वास कोंडतो. मांड्यांना पेंटा आणि न्यूमोनियाची सुई, दंडाला पोलिओची बारीक सुई, शिवाय पोलिओ आणि रोटाचे डोस तोंडावाटे.

येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणा, हे विसरू नका. कार्ड हरवलं असलं तरी या, रजिस्टरमध्ये नोंद आहे. बाळाला सैल कपडे घाला, एक दुपटं आणि जादा लंगोट ठेवा. उपाशी आणू नका, अंगावर पाजलेलं चालतं. साधी सर्दी असली तरी लस देता येते. मागच्या डोसनंतर झटके आले असतील किंवा अंगावर गांधी उठून सूज आली असेल, तर सुई देण्याआधी मला सांगा.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. घाई असली तरी थांबा, क्वचित तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा याच वेळात कळते.

घरी मांडी लाल होईल, दुखेल, बाळ किरकिर करेल. सुईच्या जागी थंड पाण्याची ओली घडी ठेवा. चोळू नका, हळद-बाम लावू नका, गरम शेक देऊ नका. गाठ राहिली तर ती हळूहळू आपोआप जाते. तापाचं औषध वजनावर ठरतं, म्हणून मी सांगेन तेवढंच द्या. मोठ्या भावंडाच्या बाटलीतलं अंदाजाने देऊ नका. दूध मात्र वरचेवर पाजत राहा.

श्वास लागला, तोंड सुजलं, झटके आले, बाळ मलूल पडून दूध ओढेना, किंवा तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि मलाही कळवा. आठवडाभरात वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त किंवा पोट धरून थांबून थांबून कळवळणं दिसलं, तरी लगेच दवाखान्यात न्या.

ऊसतोडीला किंवा माहेरी जाणार असाल तर कार्ड सोबत न्या. कोणत्याही सरकारी दवाखान्यात राहिलेला डोस मिळतो. पुढची लस बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर, तारीख बुधवारी कार्डावर लिहून देते.

– सिस्टर, आरोग्य उपकेंद्र