संभाजीनगरहून नाशिकला आलेय, क्वालिटीमधल्या कामासाठी ओळखी हव्यात

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही संभाजीनगर सोडून नाशिकला राहायला आलो. सासऱ्यांचं मार्चपासून डायलिसिस सुरू झालंय आणि इथे सासू-सासरे दोघंच होते, मग मिस्टरांनी बँकेत बदली मागून घेतली, मुलीची तिसरीची ॲडमिशन इंदिरानगरमध्ये झाली आणि मी वाळूजमधली अकरा वर्षांची नोकरी सोडली. घर लागलं, आठवड्याच्या डायलिसिसचं बस्तान बसलं, मुलगी शाळेत रुळली. आता माझी वेळ आली, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदाच सांगते की मी कुणाकडे थेट नोकरी मागत नाहीये. तुमच्या हातात जागा असेल तर आनंदच आहे, पण बहुतेकांच्या हातात ती नसते हे मलाही कळतं, आणि अशा पोस्ट वाचून माणूस "माझ्याकडे तर काही नाही" म्हणून पुढे जातो. मला एक नाव हवंय. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, यातल्या कुठल्याही प्लांटमध्ये क्वालिटी बघणारा एक माणूस, जो तुम्हाला ओळखतो आणि तुमचं नाव सांगितल्यावर माझा फोन उचलेल. पुढचं सगळं मी बघते.

माझं काम काय ते नीट सांगते, कारण "क्वालिटीत आहे" म्हटलं की काहीच कळत नाही. २०१३ ला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा, नंतर आयजीटीआरला सीएमएमचा शॉर्ट कोर्स. वर्षभर घरच्या अडचणींमुळे थांबले होते, मग वाळूजला ॲल्युमिनियमचे मशीन्ड पार्ट करणाऱ्या एका मधल्या साइझच्या कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला ट्रेनी म्हणून लागले आणि निघताना फायनल इन्स्पेक्शन आणि कस्टमर क्वालिटी अशा दोन्हीची जबाबदारी माझ्याकडे होती, हाताखाली दोन्ही शिफ्ट मिळून नऊ जण. गाडीवाल्या कस्टमरचं नवीन पार्टचं पीपॅप मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय, लेव्हल ३, अठराच्या अठरा एलिमेंट, शेवटच्या चार वर्षांत असे तेवीस पार्ट. कंट्रोल प्लॅन आणि एफएमईए मी लाइनवर उभं राहून ऑपरेटर आणि सेटरला विचारून लिहिते, जुन्या पार्टची फाइल उघडून नाव बदलत नाही. सीएमएमचा प्रोग्रॅम स्वतः करते (पीसी-डीमिस), एमएसए आणि एसपीसी मिनिटॅबमध्ये, एट डी कस्टमरसमोर बसून सोडवलेत, आयएटीएफ १६९४९ च्या सर्व्हिलन्स ऑडिटला पाच वेळा ऑडिटरसमोर बसलेय आणि इंटर्नल ऑडिटर आहे. डिग्री नाही, डिप्लोमाच आहे. हे मुद्दाम इथे वरतीच लिहिते, कारण जॉब पोर्टलवर "बीई / बीटेक" असा खण असला की माझा अर्ज माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही, दोन महिन्यांत एकतीस अर्ज टाकले आणि दोन फोन आले, त्यातला एक कॉल सेंटरच्या कामासाठी होता. म्हणूनच ओळखीतून यायचं ठरवलं.

एक किस्सा सांगते, त्यावरून मी काम कशी करते ते बायोडेटापेक्षा जास्त कळेल.

आमच्याकडे एक हाउसिंग होतं, त्यात बेअरिंगचा बोअर ६२ एच७, म्हणजे टॉलरन्स ३० मायक्रॉन. सकाळच्या शिफ्टला सगळं ओके आणि सेकंड शिफ्टला संध्याकाळी बोअर ओव्हरसाइझ म्हणून लाल ट्रे भरायचे. तीन आठवडे सगळे टूलच्या मागे लागले, इन्सर्ट बदलले, ऑफसेट मारले, सेटरला बोलणी बसली आणि मग सकाळी तोच बोअर अंडरसाइझ यायला लागला. मी एक दिवस सेकंड शिफ्टला थांबले आणि नुसतं बघत बसले. तेव्हा दिसलं की संध्याकाळी डिस्पॅचची घाई असायची म्हणून वॉशिंग मशीनमधून निघालेला पार्ट मुलगा कापडाने पुसून तसाच एअर गेजवर लावत होता. हाताला कोमट लागत होता. टेम्परेचर घेतलं तर रूमपेक्षा बारा डिग्री जास्त. ॲल्युमिनियम एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, ६२ मिलिमीटरच्या बोअरला बारा डिग्रीचे झाले सतरा मायक्रॉन, म्हणजे निम्म्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या गरमपणात गेला आणि मास्टर रिंग मात्र टेबलवर थंडगार. लाल ट्रेमधले पार्ट रात्रभर ठेवले आणि सकाळी परत मोजले, एकशे चाळीसमधले एकशे एकतीस ओके निघाले. वॉशिंगनंतर दोन तास ठेवायचा रॅक केला, रॅकवर वेळेची पाटी लावली आणि त्या दिवसापासून ते रिजेक्शन बंद झालं. त्या सेटरचे तीन आठवडे विनाकारण ऐकण्यात गेले याचं मला अजून वाईट वाटतं. मोजमाप चुकलं की दोष माणसावर येतो, म्हणून मला या कामाची एवढी ओढ आहे.

आता कसं काम हवंय. कस्टमर क्वालिटी, सप्लायर क्वालिटी, नवीन पार्ट डेव्हलपमेंटची क्वालिटी किंवा मेट्रॉलॉजी लॅबची जबाबदारी, यातलं काहीही, सीनिअर इंजिनीअर किंवा असिस्टंट मॅनेजर लेव्हलला. गाड्यांच्या पार्टमध्ये माझा हात बसलेला आहे, सातपूर-अंबडच्या सप्लायर कंपन्यांमध्ये मी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेन. पण नाशिकला स्विचगिअरचं आणि इलेक्ट्रिकलचं काम खूप आहे, तिकडे जायचीही मनापासून तयारी आहे. बसबार, प्रेस पार्ट, मोल्डिंग यातलं मोजमाप आणि ड्रॉइंग मला जमेल, प्लेटिंग थिकनेस मात्र मी स्वतः कधी मोजलेली नाही, शिकावं लागेल. ओझरला एचएएलसाठी पार्ट करणारे जे छोटे सप्लायर आहेत त्यांच्याकडचं फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन आपल्या पीपॅपच्या बरंच जवळचं आहे, एएस९१०० चा अनुभव नाही पण त्यांनी संधी दिली तर मी अभ्यास करून येईन. फक्त ऑडिटच्या आधी दोन महिने फायली भरून द्यायच्या आणि लाइनवर जायचं नाही, असं काम मात्र नको. ते मी करू शकत नाही.

अडचणीही आत्ताच सांगते, नंतर दोघांचा वेळ जायला नको. निदान वर्षभर नाइट शिफ्ट जमणार नाही, जनरल किंवा फर्स्ट चालेल. सासऱ्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस असतं, ते मिस्टर आणि सासूबाई बघतात, माझ्या कामाच्या वेळात त्याचा अडथळा येणार नाही, पण रात्री घरी मी असणं गरजेचं आहे. सातपूर-अंबडला स्वतःच्या गाडीवर येईन, सिन्नर, गोंदे किंवा दिंडोरीला कंपनीची बस असेल तर बिनधास्त. कस्टमरकडे किंवा सप्लायरकडे दिवसभराची व्हिजिट असेल तर जाईन, पुणे-चाकणलाही. शेवटचा पगार वर्षाला ६ लाख ४० हजार होता, तेवढा मिळाला तरी मी खुश आहे आणि नवीन क्षेत्र असेल तर सहा महिने थोडं कमीही चालेल. नोटीस पिरिअड काही नाही, सांगाल त्या सोमवारी रुजू होते.

कुणाशी ओळख झाली तर सगळ्यात जास्त उपयोग होईल ते सांगते. एक म्हणजे मोठ्या कंपन्यांमध्ये सप्लायर क्वालिटी बघणारे लोक, कारण कुठल्या सप्लायरचं पीपॅप अडकलंय, कुणाकडे रोज सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागतायत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि अशा ठिकाणी माझी खरी गरज असते. आयएटीएफ किंवा आयएसओचे कन्सल्टंट आणि ऑडिटर, ते दर महिन्याला दहा प्लांटमध्ये फिरतात, त्यांच्या कानावर जागा आधी येतात. कॅलिब्रेशन लॅबवाले, एनएबीएलची लॅब चालवणारे कुणी असतील तर त्यांना पण मला भेटायचंय, १७०२५ बद्दल शिकायची जुनी इच्छा आहे. निमा किंवा आयमामध्ये तुमचं जाणं-येणं असेल तर तिथल्या कुणाशी पाच मिनिटं बोलून दिलंत तरी चालेल. आणि नाशिकमध्ये शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या ताई-मॅडम, तुमच्याशी तर मला नोकरीशिवायही बोलायचंय, कुठल्या प्लांटमध्ये बायकांसाठी नीट सोय आहे, बस कुठून सुटते, सुपरवायझर बाईला ऐकतात का, हे सगळं बायोडेटा पाठवण्याआधी कळलं तर बरं.

वाळूजमधल्या माझ्या जुन्या टीमला आणि कस्टमरकडच्या ज्यांच्याबरोबर मी एट डीच्या मीटिंगांना बसलेय त्यांना एक वेगळी विनंती, मी कशी काम करते हे तुम्ही डोळ्याने बघितलंय, तर खाली दोन ओळी लिहिल्यात तर अनोळखी माणसाला विश्वास बसेल. खोटं कौतुक नको, जे बघितलं तेवढंच लिहा. इथे आमची ओळख शून्यापासून सुरू आहे, भाजीवाला सोडला तर मला नावाने हाक मारणारं अजून कुणी नाही.

पुढे पाठवायला सोपं जावं म्हणून छोटा मजकूर खाली देते, तसाच कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तरी चालेल:

"नमस्कार सर, माझ्या ओळखीच्या एक मॅडम संभाजीनगरहून नाशिकला कायमच्या राहायला आल्यात. ऑटो मशीन्ड पार्टमध्ये क्वालिटीचा ११ वर्षांचा अनुभव, डिप्लोमा मेकॅनिकल. पीपॅप, सीएमएम प्रोग्रॅमिंग, एमएसए, एसपीसी, एट डी, आयएटीएफ इंटर्नल ऑडिट. जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट, लगेच जॉइन होऊ शकतात. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुठे कस्टमर / सप्लायर क्वालिटी किंवा लॅबची जागा असेल तर त्यांचा बायोडेटा पाठवू का?"

होकार आला की मला इथेच मेसेज करा, मी बायोडेटा त्याच दिवशी पाठवते आणि फोन करायचा असेल तर तुमचं नाव घेऊ का ते आधी विचारते. काय झालं ते तुम्हाला नक्की कळवेन, काम झालं तरी आणि नाही झालं तरी, कारण ओळख देणाऱ्याला नंतर काहीच समजत नाही हे मी स्वतः दुसऱ्यांसाठी ओळख देताना अनुभवलंय.

सहा महिने क्वालिटी सोडून दुसरंच काहीतरी बघ असंही दोघा-तिघांनी सुचवलं, काळजीपोटीच सुचवलं, पण हातात मायक्रोमीटर घेतल्याशिवाय माझा दिवस पूर्ण होत नाही.

सकाळी स्वयंपाक, डबे आणि दवाखान्याची गडबड असते, त्यामुळे फोन दुपारी दोननंतर केलात तर निवांत बोलता येईल, मेसेज कधीही टाका. आणि ज्यांना कुणाला संभाजीनगरला, वाळूज-शेंद्रा भागात काम हवंय किंवा माणूस हवाय त्यांनी पण मला सांगा, तिथल्या दहा-बारा प्लांटमध्ये मी आजही फोन करू शकते.