वकीलपत्र स्वीकारण्याच्या अटी व फी करार

मुंबई, 3 मार्च 2025

श्रीमती सावंत यांस,
गिरगाव, मुंबई

सप्रेम नमस्कार.

घरमालकांनी तुमच्या चाळीतील खोलीचा ताबा मागण्यासाठी धोबी तलाव येथील लघुवाद न्यायालयात दावा लावला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16(1)(g) प्रमाणे स्वतःला जागेची वाजवी व प्रामाणिक गरज असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. या दाव्यात तुमचे वकीलपत्र मी खालील अटींवर घेत आहे.

काम. लेखी कैफियत, अंतरिम अर्जांना उत्तरे, तुमची सरतपासणी, त्यांच्या साक्षीदारांची उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवाद, म्हणजे निकालापर्यंतचे सर्व काम. समन्स 12 फेब्रुवारीला मिळाले असल्याने कैफियतीची 30 दिवसांची मुदत 14 मार्चला संपते. भाडेपावत्या, वीजबिले व रेशनकार्ड 7 मार्चपर्यंत आणून द्यावे. घरमालकांची दुसरी जागा आहे असे तुम्ही म्हणालात. त्याचा कागद मिळाला तर तोच सर्वांत उपयोगी पडेल. निकालानंतरचे अपील, उच्च न्यायालयातील काम आणि पुनर्विकासाचा करार यात धरलेला नाही. तडजोडीची बोलणी मी करीन, पण तुमच्या लेखी संमतीशिवाय कशावरही सही करणार नाही.

फी. एकूण 60,000 रुपये: आज 15,000, कैफियत दाखल झाल्यावर 15,000, उलटतपासणी सुरू होताना 20,000 आणि युक्तिवादाआधी 10,000. तारखेला वेगळे पैसे नाहीत, मग तारखा कितीही पडोत. तुमच्या दिरांनी "जिंकल्यावर द्या" असे सुचवले होते. ते मला करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. निकालाची हमीही मी देत नाही.

खर्च. स्टॅम्प, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स, प्रमाणित प्रती यांचा खर्च फीव्यतिरिक्त व प्रत्यक्ष होईल तेवढा. त्यापोटी 5,000 रुपये आगाऊ घेत आहे. हिशेब दर तिमाहीला देईन. पावती नसलेला कुठलाही "वरचा" खर्च तुमच्याकडे मागितला जाणार नाही. कोणी माझ्या नावाने मागितलाच, तर आधी मला फोन करा. ज्येष्ठ वकील नेमायचे ठरल्यास त्यांची फी आधी तुम्हाला विचारून ठरवू.

करार संपवणे. तुम्ही केव्हाही लेखी कळवून वकील बदलू शकता. मी ना-हरकत देईन. ज्या टप्प्याचे काम सुरू झालेले नाही त्याची घेतलेली फी परत होईल, चालू टप्प्याची झालेल्या कामाप्रमाणे. माहिती लपवली, खोटी साक्ष देण्याचा आग्रह धरला किंवा फी दोन महिने थकली, तर 15 दिवसांची लेखी सूचना देऊन व न्यायालयाची परवानगी घेऊनच मी बाजूला होईन. फी बाकी असली तरी तुमचे कागद अडवून ठेवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्पष्ट केले आहे.

भाडे मात्र दरमहा वेळेवर भरत राहा. ते घेत नसतील तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपून ठेवा.

मान्य असल्यास दोन्ही प्रतींवर सही करून एक माझ्याकडे द्यावी.

आपला,
ॲड. परांजपे
फोर्ट, मुंबई

वरील अटी मला मराठीत वाचून दाखवल्या, समजल्या व मान्य आहेत. आगाऊ खर्चासह 20,000 रुपये आज धनादेशाने दिले.

श्रीमती सावंत, 3 मार्च 2025