मुंबईच्या यजमान घरांना आणि संस्थांना आभारपत्र

देवगड,
१२ जानेवारी

प्रति,
गिरगाव, दादर व परळ येथील यजमान कुटुंबं, यजमान शाळा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नेहरू विज्ञान केंद्र, मुंबई

स.न.वि.वि.

आठवी-नववीची सगळी मुलं सुखरूप घरी पोचली. वर्गात अजून मुंबईच चालू आहे, गणिताच्या तासालासुद्धा.

पहिला मान घरांचा. गाडी उशिरा आली, तरी भल्या पहाटे तुम्ही दादरच्या फलाटावर थांबून होतात. मुंबईत जागेची अडचण सांगायला नको. परळच्या एका घरात आमच्या दोघींची अंथरुणं पडावीत म्हणून बारावीची ताई पुस्तकं उचलून गॅलरीत जाऊन बसली. तिला परीक्षेसाठी आम्हा सर्वांच्या शुभेच्छा.

मुलांना पाहुण्यासारखं बसवून ठेवलं नाहीत, हे मला सगळ्यांत आवडलं. गिरगावात पहाटे नळाला पाणी आल्यावर काकूंनी आमच्या मुलीला हाक मारून पिंप भरायला लावलं. आमच्याकडे विहीर परसात, त्यामुळे तिनं विचारलं, हे पाणी येतं कुठून? काकांनी चहा बाजूला ठेवून तिच्या वहीत नकाशाच काढून दिला: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. ती आता ही नावं घडाघडा म्हणते. भूगोल शिकवणाऱ्या मला जरा हेवाच वाटला!

वस्तुसंग्रहालयातल्या मार्गदर्शक ताईंचे खास आभार. आमच्या एका मुलाचे वडील चिरेखाणीवर काम करतात. दालनात शिरायचं सोडून तो बाहेरच्या भिंतीवर हात फिरवत राहिला, ‘हा दगड कुठला?’ म्हणून. १९२२ साली खुल्या झालेल्या या इमारतीतला काळा दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर मालाडचा, हे ताईंनी सांगितलंच. शिवाय बाकीची रांग थांबवून त्याला चिऱ्याबद्दल बोलायला लावलं. वर्गात तोंड न उघडणारा तो मुलगा चांगला दहा मिनिटं बोलला. नंतर आत नाशिकच्या वाड्यातलं लाकडी कोरीवकाम सगळ्यांनी पाहिलं, पण घरी येऊन सांगतात ते त्या भिंतीबद्दलच.

वरळीच्या विज्ञान केंद्रात उपकरणांना हात लावायची मुभा होती. तिथून मुलांना बाहेर काढणं हेच आमचं काम होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सहनशक्तीला नमस्कार. यजमान शाळेच्या सरांनी लोकलच्या गर्दीत पोरं मोजत-मोजत नेली, त्यांनाही.

आता पाळी आमची. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमची मुलं इकडे यायची आहेत. कणकवली स्टेशनवर आम्ही घ्यायला येऊ. टोपी, जुने कपडे आणि पायात घट्ट चपला एवढंच सामान द्या. झेल्यानं आंबे काढायला लावणार आहोत, पाणीही विहिरीतून ओढावं लागेल. कुणाला मासे चालत नसतील तर एप्रिलअखेर कळवा, म्हणजे त्याप्रमाणे घरं ठरवता येतील.

आपली नम्र,
सहलप्रमुख शिक्षिका, विद्यार्थी आणि पालकांच्या वतीने