आपला सोमवार उलटा का

चि. सईला आजीचे खूप खूप आशीर्वाद,

परवा फोनवर तू विचारलंस की आजी, माझ्या रूममेटची आई दिवसभर सोमवार धरते आणि संध्याकाळी जेवून सोडते, मग आपल्या घरी उलटं का, सकाळी जेवायचं आणि रात्री उपाशी झोपायचं. मी तेव्हा हसून फोन आजोबांकडे दिला कारण कुकरची शिट्टी झाली होती आणि ही दोन मिनिटांत सांगायची गोष्टच नाहीये. आज सोमवारच आहे, रात्रीचे साडेनऊ झालेत, पोटात कावळे ओरडतायत, झोप येत नाही, म्हटलं बसून टाईपच करावं. चुका झाल्या तर हसू नकोस, हा कीबोर्ड मी लिहिते एक आणि उमटवतो भलतंच.

तर पहिली गोष्ट, आपला सोमवार महादेवाचा नाहीच मुळी. महादेवाचा असता तर तो संध्याकाळीच सोडला असता सगळ्यांसारखा. आपला सोमवार लालबहादूर शास्त्रींचा आहे. हो हो, तेच, तुझ्या पुस्तकात जय जवान जय किसानवाले.

१९६५ साली देशात धान्याची फार ओढाताण होती. पाऊस दगा देत होता, त्यात पाकिस्तानशी लढाई लागली, आणि आपण खायचो तो गहू अमेरिकेहून बोटीने यायचा, पीएल ४८० म्हणायचे त्याला, तो लाल गहू रेशनला मिळायचा. (आपल्या बांधावरचं ते गाजर गवत त्याच गव्हातून आलं असं लोक म्हणायचे, म्हणून त्याला काँग्रेस गवत पण म्हणतात, तुझे आजोबा अजून उपटताना शिव्या घालतात त्याला.) तो गहू देताना अमेरिका हात आखडता घ्यायला लागली. तेव्हा शास्त्रीजींनी लोकांना सांगितलं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, सोमवारी संध्याकाळचं. आधी स्वतःच्या घरात करून बघितलं, पोरंबाळं राहू शकतात का ते पाहिलं आणि मग देशाला सांगितलं असं म्हणतात. शहरात सोमवारी संध्याकाळी हॉटेलं पण बंद राहायची.

माझं तेव्हा लग्न झालं नव्हतं, मी १२ वर्षांची होते. आमच्या माहेरी पण केला हा उपास, पण खरं सांगू का, चारपाच महिन्यांत बंद पडला, कुणी ठरवून बंद नाही केला, एका सोमवारी पाहुणे आले, दुसऱ्या सोमवारी सण आला आणि मग विसरलेच सगळे. बहुतेक घरांत असंच झालं असणार. टिकला तो इथे, करमाळ्याजवळच्या आपल्या गावात, तुझ्या पणजोबांमुळे. मामंजी प्राथमिक शाळेत मास्तर, शाळेतल्या रेडिओवर बातम्या ऐकून आले आणि घरात सांगितलं की उद्यापासून सोमवारी रात्री चूल पेटणार नाही. सासूबाईंनी काय विचारलं माहितीये? त्या शाळेत गेल्या नव्हत्या पण डोकं असं चालायचं, त्यांनी विचारलं की आम्ही नाही खाल्लं तर ते दिल्लीला कसं पोचणार, ज्वारी तर आपल्याच कणगीत राहणार ना, मग उद्या परवा आपणच खाणार. मामंजींकडे उत्तर नव्हतं. मास्तर असून!

मग सासूबाईंनीच काढला मार्ग. तुला शिवामूठ माहितीये का गं? नवी लग्न झालेली बाई श्रावणातल्या सोमवारी महादेवाला मूठभर धान्य वाहते, तांदूळ, तीळ, मूग, जव असं दर सोमवारी वेगळं, पाच वर्षं. तर त्या म्हणाल्या सोमवारच आहे ना, मग शिवामुठीसारखीच मूठ काढायची. घरात जितकी माणसं तितक्या मुठी ज्वारी दर सोमवारी संध्याकाळी एका वेगळ्या डेऱ्यात, आणि तो डेरा भरला की ज्याच्या घरी कमी आहे त्याला. स्वतःच्या घरी परत आणायचं नाही, उसनं पण नाही. म्हणजे उपास शास्त्रीजींचा पण मूठ सासूबाईंची, आणि मला विचारशील तर दुसरी जास्त महत्त्वाची, नुसतं उपाशी राहून आपलंच पोट हलकं होतं, बाकी काय.

पुढची गोष्ट मामंजी सांगायचे तेव्हा नेहमी चष्मा काढायचे. १९६६ चा जानेवारी, १० तारीख, सोमवार. घरात नेहमीसारखे सगळे न जेवता झोपले. त्याच रात्री तिकडे ताश्कंदला शास्त्रीजी गेले, आणि मंगळवारी ११ तारखेला सकाळी रेडिओवर कळलं. सासूबाईंनी त्या दिवशी पण चूल उशिरा पेटवली म्हणे. पुढच्या सोमवारी धाकट्या दिरांनी, म्हणजे तुझे नाना आजोबा, तेव्हा असतील आठेक वर्षांचे, विचारलं की आता तर सांगणारा माणूसच गेला, आता जेवायचं ना? मामंजी म्हणाले, आपण हो म्हणलो होतो, त्यांनी बास म्हणायच्या आधीच ते गेले, आता बास कोण म्हणणार. तसाच राहिला तो उपास, कुणी बास म्हणालंच नाही.

१९७१ ला मी लग्न होऊन आले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सोमवारी संध्याकाळी पदर खोचून चुलीशी गेले तर चूल थंड, सगळे ओट्यावर गप्पा मारत बसलेले, मला वाटलं माझ्यावर रुसलेत की काय. रात्री भुकेने रडले गं मी. पुढच्या सोमवारी दुपारीच दोन शेंगदाण्याचे लाडू पदरात बांधून ठेवले आणि गोठ्यात जाऊन खाल्ले. सासूबाईंना कळलं असणार, त्यांनी काही बोलून नाही दाखवलं, फक्त त्या सोमवारी डेऱ्यात माझ्या वाटणीची मूठ टाकली नाही. मी बघत होते. त्यानंतर मी कधी लाडू नेला नाही.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही पोरं दुष्काळ म्हटलं की टँकर समजता, तेव्हा बाजारात धान्यच नव्हतं, मामंजींचा पगार यायचा पण पैसे घेऊन घ्यायचं काय. आपल्या रानात एक कणीस आलं नाही. मी आणि मोठ्या जाऊबाई पाझर तलावाच्या कामावर जायचो, माती वाहायची, खडी फोडायची, हाताला फोड यायचे ते फुटायचे आणि त्याच हाताने परत घण. मास्तरांच्या सुना कामावर आल्या म्हणून पहिले दोन दिवस लोक बघायचे, नंतर सगळ्या गावातल्याच सुना तिथे होत्या. कामावर सुकडी मिळायची, ती निम्मी खायची आणि निम्मी घरी पोरांना आणायची. रेशनला मिलो मिळायची, अमेरिकेची लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की वहाणेसारखी. मी तर म्हणते उपाशी माणूस पण विचार करून खायचा तिला.

तेव्हा सोमवारचं काय झालं असं तुला वाटतं? सासूबाईंनी बंद केला. सरळ. मामंजी म्हणाले अगं नेम मोडेल, तर त्यांना म्हणाल्या, मास्तर, रोजच नाही खायला तर सोडायचं काय? त्या डेऱ्यात जी ज्वारी होती ती त्यांनी वाड्यामागच्या एका विधवा बाईला आधीच देऊन टाकली होती, तिला तीन पोरं होती. मला तेव्हा फार राग आला होता, मी म्हटलं आपल्याच घरात पोरं मिलो खातायत आणि ह्या बाई चांगली ज्वारी वाटतायत. बोलले नाही, पण मनात होतं. आज पण पूर्ण गेलाय राग असं नाही म्हणणार.

७३ ला पाऊस झाला. रब्बीची ज्वारी घरात आली, पहिली नवी भाकरी, पांढरीशुभ्र, वर ठेचा आणि तेल, आम्ही दोन दिवस नुसतं खात होतो. आणि तिसऱ्या दिवशी सोमवार होता. संध्याकाळी सासूबाईंनी डेरा धुवून उन्हात वाळवलेला आत आणला आणि मुठी मोजायला लागल्या. नऊ, दहा, अकरा. कणगी भरलेली, चूल थंड, आणि आम्ही अकरा माणसं ओट्यावर. त्या दिवशी भूक लागली पण बहात्तरची भूक नव्हती गं ती, वेगळीच होती, मला सांगता येत नाही.

आता नियम सांगते कारण तुझ्या आईने मध्येच खिचडी घुसवली आहे. सोमवारी रात्री साबुदाणा नाही, भगर नाही, रताळं नाही. साबुदाणा येतो तमिळनाडूतून, त्यावर तूप आणि दाण्याचा कूट, पोटभर हादडायचं आणि म्हणायचं उपास, एकादशी आणि दुप्पट खाशी. पाणी, ताक, चहा चालतो. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस यांनी जेवायचं, हे सासूबाईंच्या वेळेपासून आहे. तुझ्या आजोबांना डायबेटीस आहे, दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी रात्री शुगर इतकी उतरली की बाथरूमच्या दारात खाली बसले, तेव्हापासून मी त्यांना जेवायला घालते, तर ते अर्धी भाकरी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याने खातात चोरासारखे, आणि डब्यात मूठ मात्र दोन टाकतात. तुझा दादा म्हणतो ही इंटरमिटंट फास्टिंग आहे, वजन कमी होतं. होऊ दे बापडं, पण त्याने मूठ टाकलेली मी अजून पाहिली नाही.

डेरा फुटला, आता स्टीलचा डबा आहे. दिवाळीनंतर बीडकडचे ऊसतोडवाले येतात, कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या पडतात, तिथे देते मी. एका बाईने मला सांगितलं, आजी ज्वारी नका देऊ, इथून गिरणी लांब आहे आणि आम्ही पहाटे तीनला उसात जातो, पीठ द्या. मला लाज वाटली, किती वर्षं मी धान्य देऊन खूश होते. आता दळून देते.

तू तिकडे बेंगलोरला काय करायचं ते तू ठरव. रात्री उशिरापर्यंत काम असेल तर जेव, जेवलीस तर खोटं सांगू नकोस एवढंच. तू गेल्यापासून तुझी मूठ मीच टाकतेय डब्यात, आज पण टाकली. पण माझी मूठ आता लहान झालीये, संधिवाताने बोटं मिटत नाहीत नीट, तेव्हा दिवाळीला येशील तेव्हा तुझी तू टाक, मागची पण भरून काढू.

लाईट जायची वेळ झाली, फोन पण १२ टक्क्यांवर आलाय. शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत कुरियरने, मंगळवारी मिळतील असं म्हणाला तो मुलगा.

तुझी,
आजी