सराव कार्यपत्रिका: गुणोत्तरात वाटणी, अपूर्णांकाने भाग आणि शेवटी ताळा

इयत्ता सातवी · वेळ ५० मिनिटे · गुण ४०
कॅल्क्युलेटर वापरू नये. कच्चे काम खोडू नका, त्यालाही गुण आहेत. प्रत्येक उदाहरणाखाली ताळ्याची ओळ हवी. ती नसेल तर उत्तर बरोबर असूनही एक गुण जाईल.

आधी हे वाचा

३६० मिली रंग तीन डब्यांत २ : ३ : ४ या गुणोत्तरात ओतायचा आहे.

एकूण भाग = २ + ३ + ४ = ९
एक भाग = ३६० ÷ ९ = ४० मिली
वाटे: २ × ४० = ८०, ३ × ४० = १२०, ४ × ४० = १६० मिली
ताळा: ८० + १२० + १६० = ३६० ✓

आता हेच एखाद्याने १६०, १२०, ८० असे लिहिले तर? बेरीज तरीही ३६०. ९०, १२०, १५० लिहिले तरी ३६०च. म्हणजे बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे हे नक्की; जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असे मात्र नाही. म्हणून ताळ्याच्या दोन पायऱ्या करा:

(१) वाट्यांची बेरीज एकूण रकमेइतकी आहे का?
(२) वाटे दिलेल्या क्रमाने लिहून संक्षिप्त रूप दिले की मूळ गुणोत्तर परत मिळते का? ८० : १२० : १६०, प्रत्येकाला ४० ने भागले की २ : ३ : ४ ✓

अपूर्णांकाचेही तसेच. ५६ चा ३/८ म्हणजे ५६ ÷ ८ = ७, ७ × ३ = २१. उरलेला भाग ५/८, म्हणजे ३५. ताळा: २१ + ३५ = ५६ ✓. उरलेला भाग ५६ मधून २१ वजा करून काढू नका. तसे केले तर बेरीज जुळणारच, आणि त्या ताळ्याला काही अर्थ उरत नाही. तो ५ × ७ असा वेगळा काढा.

विभाग अ (प्रत्येकी २ गुण)

१. ४८ मणी २ : १ या गुणोत्तरात वाटा.
२. ९१ सेमी दोरीचे ३ : ४ या गुणोत्तरात दोन तुकडे करा.
३. ९० मिनिटांचा ५/६ भाग किती? उरलेली मिनिटे किती?
४. त्रिकोणाच्या कोनांची मापे २ : ३ : ५ या गुणोत्तरात आहेत. तिन्ही मापे काढा. (एकूण दिलेले नाही, पण ते तुम्हाला माहीत आहे.)
५. दीड मीटर पट्टी ७ : ८ या गुणोत्तरात कापा. उत्तर सेंटिमीटरमध्ये लिहा.

विभाग ब (प्रत्येकी ४ गुण)

६. दोन वाटे ५ : ३ या गुणोत्तरात आहेत. मोठा वाटा ६५ आहे. लहान वाटा आणि एकूण काढा.

७. दोन वाटे ४ : ७ या गुणोत्तरात आहेत आणि त्यांत ४२ चा फरक आहे. दोन्ही वाटे काढा.

८. अ : ब = २ : ३ आणि ब : क = ४ : ५. तिघांत मिळून ७०० कागद वाटायचे आहेत. प्रत्येकाला किती? (ब दोन्हीकडे आहे, तेव्हा आधी त्याचे भाग सारखे करून घ्या.)

९. टाकीत २४० लिटर पाणी होते. सकाळी त्याचा ३/८ भाग वापरला. संध्याकाळी उरलेल्याचा २/५ भाग वापरला. आता टाकीत किती पाणी आहे?

१०. २६० तिकिटे १/२ : १/३ : १/४ या गुणोत्तरात वाटा. एका मुलाने थेट २६० चा १/२, मग १/३, मग १/४ काढला. त्याचे कुठे चुकले ते एका वाक्यात लिहा.

विभाग क: तपासनीस व्हा

११. (४ गुण) १३५ चेंडू पहिल्या व दुसऱ्या संघात ४ : ५ या गुणोत्तरात वाटायचे होते. तीन वह्यांतली उत्तरे अशी:
 पहिली वही: ७५ आणि ६०
 दुसरी वही: ६५ आणि ७०
 तिसरी वही: १३५ ÷ ४ = ३३.७५ आणि १३५ ÷ ५ = २७
प्रत्येक चूक ताळ्याच्या कोणत्या पायरीत पकडली जाते ते लिहा आणि बरोबर उत्तर द्या.

१२. (३ गुण) १० मीटर तार २ : २ : ३ या गुणोत्तरात कापली. दोन दशांश स्थळांपर्यंत वाटे २.८६, २.८६ आणि ४.२९ मीटर आले. बेरीज करून पाहा. फरक का पडला?

१३. (३ गुण) जुने कोडे आहे, घरी कोणी घातलेही असेल. १७ उंटांपैकी मोठ्याला १/२, मधल्याला १/३, धाकट्याला १/९. शेजारी आपला एक उंट आणून देतो, वाटणी होते आणि तो आपला उंट घेऊन परतही जातो. आधी तीन अपूर्णांकांची बेरीज करा, मग सांगा ही युक्ती का चालते.

उत्तरे (सोडवून झाल्यावरच पाहा)

१. ३२, १६.
२. ३९ सेमी, ५२ सेमी.
३. ७५ मिनिटे, उरली १५.
४. एकूण १८०°, ३६°, ५४°, ९०°. त्रिकोण काटकोन निघतो.
५. ७० सेमी, ८० सेमी. १.५ ला १५ ने भागत बसलात तरी चालते, पण १५० घेतले तर तोंडी होते.

६. एक भाग ६५ ÷ ५ = १३. लहान वाटा ३९, एकूण १०४. ताळा: १०४ चा ५/८ = ६५ ✓
७. फरक ३ भागांचा, म्हणून एक भाग १४. वाटे ५६ आणि ९८; ९८ − ५६ = ४२ ✓
८. ८ : १२ : १५, एकूण ३५ भाग, एक भाग २०. अ १६०, ब २४०, क ३००. बेरीज ७०० ✓

९. सकाळी ९०, उरले १५०, संध्याकाळी ६०, टाकीत ९० लिटर. ९० + ६० + ९० = २४० ✓. ज्यांनी २/५ भाग २४० चा काढला त्यांचे ९० + ९६ + ५४ हेही २४०च भरते! इथे ताळा वाचवत नाही, ‘उरलेल्याचा’ हा शब्दच वाचवतो. त्याखाली रेघ मारायची सवय लावा.

१०. छेदांचा लसावि १२ घेऊन ६ : ४ : ३, एकूण १३ भाग, एक भाग २०. वाटे १२०, ८०, ६०; बेरीज २६० ✓. त्या मुलाने गुणोत्तराला एकूणाचे अपूर्णांक समजले; १/२ + १/३ + १/४ = १३/१२, हे १ पेक्षा जास्त आहे, म्हणून इतकी तिकिटे पुरणारच नाहीत.

११. बरोबर उत्तर ६० आणि ७५. पहिली वही: बेरीज १३५ जुळते, क्रम उलटा, दुसऱ्या पायरीत सापडते. दुसरी: बेरीज जुळते, पण गुणोत्तर १३ : १४ येते, तीही दुसऱ्याच पायरीत. तिसरी: बेरीज ६०.७५, पहिल्याच पायरीत अडकते.

१२. बेरीज १०.०१. तिन्ही वाटे वरच्या बाजूला पूर्णांकित झाले, म्हणून एक सेंटिमीटर जास्त दिसला. नेमके वाटे २०/७, २०/७, ३०/७; बेरीज ७०/७ = १० ✓. ताळा नेहमी पूर्णांकित करण्याआधीच्या संख्यांचा घ्या.

१३. ९/१८ + ६/१८ + २/१८ = १७/१८. बेरीज १ होतच नाही, १/१८ भाग कोणालाच दिलेला नाही. १८ उंट धरले की वाटे ९, ६, २ येतात, एकूण १७, आणि उरलेला अठरावा भाग म्हणजे शेजाऱ्याचा उंट. १७ उंट ९ : ६ : २ या गुणोत्तरात वाटले असते तरी हेच आले असते, उसना उंट न आणता.